मिसळीचा फोटो आधी वाचा, मग ताट मांडा

घरी केलेला पदार्थ समोर आला की आपल्याला त्याचा वास येत असतो, भूक लागलेली असते, दोन तास राबलेलो असतो. त्यामुळे ताट जसं आहे तसं डोळ्यांना दिसतच नाही. फोनच्या कॅमेऱ्याला मात्र भूकही नाही आणि माया पण नाही. म्हणून ताटाची मांडणी सुधारायची असेल तर सुरुवात फोटोपासून करावी. फोटो बघून काय चुकलंय ते शोधायचं आणि दुरुस्ती ताटात करायची. फिल्टर लावून ती होत नाही.

उदाहरण मिसळीचंच घेते. एक तर आपण नाशिककर, रविवार उजाडला की घरात मिसळ नाहीतर गंगापूर रोडला मिसळ, एवढाच प्रश्न असतो. दुसरं म्हणजे फोटोत सगळ्यात वाईट दिसणाऱ्या पदार्थांत मिसळीचा नंबर बराच वरचा. आपला काळ्या मसाल्याचा रस्सा गडद, मटकी तपकिरी, फरसाण पिवळट तपकिरी. सगळा मामला एकाच रंगाचा. मिसळ नीट मांडता आली की वरण-भात, पिठलं, भरली वांगी यांची भीती राहत नाही.

इंदिरानगरला राहणाऱ्या माझ्या वहिनींनी मध्यंतरी त्यांच्या मिसळीचा फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, "चव एक नंबर झालीये गं, पण फोटोत नुसता चिखल दिसतोय. काय करू?" त्यांचाच फोटो धरून पुढचं सगळं सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे.

१. जवळ काय असू द्यावं

नवीन काही विकत आणायचं नाही. घरात असेल त्यातलंच काढून ठेवा:

- साधारण १३ सेंटिमीटर तोंडाचा, ५ सेंटिमीटर खोल वाडगा
- एक मोठं सपाट ताट आणि दोन-तीन लहान वाट्या
- झारा, पळी आणि एक लहान चमचा
- दोन स्वच्छ सुती फडकी, त्यातलं एक ओलं करून घट्ट पिळलेलं
- पांढरा कागद किंवा थर्माकोलचा तुकडा
- फोन, आणि त्याची लेन्स पुसायला कोरडं कापड

लेन्स पुसणं हे यादीत भर घालायला लिहिलेलं नाही. स्वयंपाक करताना आपण फोनला तेलकट बोटं लावलेली असतातच. अख्खा फोटो धुरकट आलाय असं वाटतं तेव्हा बऱ्याच वेळा दोष एवढाच असतो.

२. आधी आहे तसा फोटो काढा

नेहमी वाढता तसंच वाढा आणि काही न आवरता दोन फोटो घ्या. एक बरोब्बर वरून. दुसरा खुर्चीवर बसून जेवणाऱ्याच्या नजरेतून, म्हणजे साधारण ४५ अंशांतून. वरच्या फोटोत जागा कशी वाटली गेलीये ते कळतं, तिरक्या फोटोत उंची कळते. मिसळीत बहुतेक गडबड उंचीचीच असते, त्यामुळे फक्त वरचा फोटो पाहून निर्णय घेऊ नका.

३. फोटो तीन वेळा वाचा

पहिल्यांदा रंग काढून. फोनच्या एडिटमध्ये सॅच्युरेशन पूर्ण खाली आणा, फोटो काळा-पांढरा होतो. आता पदार्थाचे भाग एकमेकांपासून वेगळे ओळखू येतात का ते पाहा. वहिनींच्या फोटोत रस्सा, मटकी आणि फरसाण या तिन्हींची एकच राखाडी छटा झाली होती. कोथिंबीर टाकलेली होती, पण रंग काढल्यावर तीही त्याच राखाडीत विरघळली. कोथिंबीर घातली की ताट खुलतं हा समज इथंच उघडा पडतो. हिरवा रंग वेगळा असला तरी गडद रश्शावर त्याची छटा जवळजवळ तेवढीच गडद असते. फोटोत खरोखर उठून दिसणाऱ्या गोष्टी दोनच होत्या, पाव आणि प्लेटची पांढरी कड. म्हणजे नजर मिसळीवर जायच्या ऐवजी प्लेटच्या काठावरच फिरत होती.

दुसऱ्यांदा लहान करून. गॅलरीत सगळे फोटो चौकोनी बारीक दिसतात, तिथं जाऊन आपला फोटो बघा. एवढ्याशा आकारात "ही मिसळ आहे" हे कळतंय का? वहिनींचा फोटो तिथं आमटीसारखा दिसत होता. पाव बाजूला होता म्हणून पावभाजी म्हणूनही खपला असता.

तिसऱ्यांदा मोठा करून. दोन बोटांनी फोटो ताणा आणि कडा तपासत जा. इथं बारीक गोष्टी सापडतात: प्लेटच्या काठाला लागलेला तर्रीचा लाल ओघळ, त्यावर उमटलेलं अंगठ्याचं बोट, रश्शात भिजून तपकिरी झालेली लिंबाची फोड, तिच्यात राहिलेल्या दोन बिया, आणि खालची पांढरी बाजू वर करून ठेवलेला पाव.

हे सगळं एका कागदावर लिहून काढा, पण सगळं एकदम सुधारायला जाऊ नका. दोष ज्या क्रमाने दूर करायचे तो क्रम असा: भांडं, उंची, वरचा थर, बाजूचे पदार्थ, आणि शेवटी उजेड. लोक हमखास उजेडापासून सुरुवात करतात. चांगल्या उजेडात चिखल आणखी स्वच्छ दिसतो, एवढंच होतं.

४. भांडं बदला

वहिनींनी मेलामाइनची मोठी पांढरी सूप प्लेट घेतली होती. तिच्यात दोन अडचणी. प्लेट पसरट, त्यामुळे एका माणसाची मिसळ तिच्यात पातळ पसरली आणि फरसाणाला उभं राहायला आधारच उरला नाही. शिवाय पांढरा भाग इतका जास्त की फोनने त्याच्या हिशोबाने उजेड कमी धरला आणि आधीच गडद असलेला रस्सा पार काळा पडला.

काळ्या रंगाचं भांडं घेतलं तर उलटी फजिती. काळ्या मसाल्याचा रस्सा आणि भांडं यांतली सीमाच दिसत नाही. आपल्या मिसळीला मधल्या छटेचं भांडं बरं पडतं: वापरून चमक गेलेलं स्टील, क्रीम रंगाचं चिनी मातीचं, किंवा कल्हई केलेलं पितळ. नवंकोरं चकचकीत स्टील असेल तर त्यात तुम्ही, फोन आणि ट्यूबलाइट सगळे दिसता. भांडीबाजारातून हौसेने पितळी वाट्या आणल्या असतील तर कल्हई आहे ना ते आधी पाहा. कल्हई नसलेल्या पितळेत दही किंवा लिंबू ठेवलं की ते कळकतं. ते फक्त दिसायला वाईट नाही, खाऊही नये.

वहिनींच्या घरी रोजच्या वापरातला जुना स्टीलचा वाडगा होता. तोच घेतला.

५. वाढण्याचा क्रम

हा या लेखातला महत्त्वाचा भाग, म्हणून जरा सावकाश सांगते.

घरी आपण मटकी आणि रस्सा एकाच पातेल्यात उकळतो आणि पळीने एकत्र वाढतो. वरून फरसाण टाकतो, त्यावर आणखी थोडा रस्सा. फरसाण हे तळलेलं बेसन. गरम रस्सा लागला की ते दोन-तीन मिनिटांत पाणी शोषतं, फुगतं, वरची चकाकी जाते आणि खाली बसतं. वहिनींचा चिखल म्हणजे नेमकं हेच. खाताना ते छान लागतं, मिसळ म्हणजे तेच तर आहे. पण ते खाणाऱ्याच्या चमच्याने व्हायला हवं. आपण वाढतानाच ते उरकून टाकायचं नाही.

नाशिकच्या बऱ्याच मिसळीच्या ठिकाणी उसळ-फरसाण वेगळं आणि रश्शाची वाटी वेगळी येते, त्यामागे ही सोय आहेच. घरी एका वाडग्यातच वाढायचं असेल तर असं करा:

पहिलं, मटकी. मोड तुटू न देता शिजवायची. कुकरमध्ये ती बहुधा जास्त शिजते आणि मोड सुटून रश्शात तरंगायला लागतात. पातेल्यात झाकण ठेवून, दाणा बोटांनी दाबल्यावर दबेल पण फुटणार नाही इतपतच शिजवा. वाढताना झाऱ्याने उचला, दहा सेकंद पातेल्यावर निथळू द्या आणि वाडग्याच्या मधोमध एक वाटीभर ढीग करा. चमच्याने सपाट करू नका. बटाट्याच्या फोडी घालत असाल तर त्या ढिगाच्या खाली जाऊ द्या, वरची मटकी त्यांच्या आधाराने टिकते.

दुसरं, रस्सा. ढिगावर ओतायचा नाही. पळी वाडग्याच्या कडेला टेकवून सावकाश सोडायचा. साधारण एक पळी. ढिगाची निम्मी उंची रश्शाच्या वर राहिली पाहिजे आणि रश्शाची पातळी काठाच्या दीड बोट खाली. काठोकाठ भरलेला वाडगा उदार वाटतो खरा, पण टेबलापर्यंत जाता जाता ओघळतो.

तिसरं, फरसाण. आधी जाड फरसाण दोन मोठे चमचे, ढिगाच्या माथ्यावर, थोडं एका बाजूला झुकतं. त्यावर बारीक शेव चिमटीने. जाड खाली आणि बारीक वर, म्हणजे शेव रश्शापासून लांब राहते आणि शेवटपर्यंत पिवळी दिसते. रश्शाचा निदान एक तृतीयांश भाग उघडा ठेवा. सगळीकडे शेव पसरली की खाली मिसळ आहे की भेळ, काही कळत नाही.

चौथं, तर्री. पातेलं गॅसवरून उतरवून पाच मिनिटं न ढवळता ठेवलं की तेल वर येतं. लहान चमचा आडवा धरून फक्त वरचं तेल उचला आणि उघड्या राहिलेल्या रश्शावर सोडा. दोन चमचे पुरतात. फरसाणावर तर्री सोडली तर ती आत मुरते आणि दिसतही नाही. गडद रश्शावर पसरलेली लाल तर्री मात्र लगेच नजरेत भरते, कारण ती उजेड परावर्तित करते. पातेल्यात तर्री आलीच नसेल, तर मसाला परतताना तेल कमी पडलंय किंवा ते सुटेपर्यंत धीर धरलेला नाही. वरून कच्चं तेल आणि लाल तिखट कालवून ओतू नका, तिखटाचे कण फोटोत ठिपक्यांसारखे दिसतात आणि चव कडवट लागते.

यानंतर पिळलेल्या फडक्याने काठ एकदा पुसा. गोल गोल फिरवलंत तर डाग पसरतो, आतून बाहेर एकाच दिशेने पुसा.

६. कांदा, कोथिंबीर, लिंबू

कांदा अगदी आयत्या वेळी चिरायचा. धार नसलेल्या सुरीने तो चेंगरतो, पाणी सुटतं आणि थोड्या वेळात मलूल दिसतो. चिरून पाच मिनिटं गार पाण्यात ठेवा आणि फडक्यावर नीट कोरडा करा, कुरकुरीत राहतो आणि उग्रपणाही कमी होतो. लासलगावच्या शेजारी राहून आपण कांद्यात कंजुषी करणार नाही हे ठीक, पण तो वाडग्यात न टाकता वाटीत वेगळा द्या. मिसळीवर एखादी चिमूट, ती पण शेवेवर. तिथं त्याचा जांभळट-पांढरा रंग दिसतो, रश्शात बुडतो.

कोथिंबीर धुऊन कोरडी झाल्याशिवाय सुरी लावू नका. ओली चिरली की काळपट गोळा होतो. मी तर मिसळीवर चिरलेली घालतच नाही, पाच-सहा अख्खी पानं तोडून शेवेच्या बाजूला ठेवते. वहिनींना हे "हॉटेलचे चोचले" वाटले. त्यांनी चिरलेली घातली, पण एकाच जागी. तेही चालतं. चालत नाही ते सगळीकडे भुरभुरणं.

लिंबू उभं मधोमध कापलं की बिया आणि पांढरी शिर समोर येते. मधल्या शिरेपासून थोडं बाजूला कापा, फोड स्वच्छ निघते.

७. ताटात कुठं काय

इथं नवीन काही शोधायची गरज नाही. ताट वाढायची आपली पद्धत आहेच: मीठ आणि लिंबू वरच्या बाजूला, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे. डावी बाजू तोंडी लावायची, उजवी बाजू पोटभर खायची. मिसळीचं ताट याच चौकटीत बसवा. वाडगा मधल्या रेषेच्या थोडा उजवीकडे. डावीकडे कांद्याची वाटी, तिच्या वर दही, वरच्या काठाशी लिंबाची फोड. पाव खाली डावीकडे, एकावर एक तिरके. पापड मागच्या बाजूला वाडग्याला टेकवून उभा, म्हणजे तिरक्या फोटोत त्याची फिकट पार्श्वभूमी मिळते आणि पुढची तर्री उठून दिसते.

पावाची तपकिरी बाजू वर. लादीतून तोडताना जी मऊ पांढरी बाजू उघडी पडते ती कॅमेऱ्याकडे करा, ताजेपणा तिथंच दिसतो.

दही घट्ट असेल तर चमच्याने दोनदा हलवून घ्या, पाणी सुटलेलं दही फोटोत लगेच कळतं. त्यावर तिखट, जिरेपूड, कोथिंबीर असं काही टाकू नका. ताटात एक तरी पदार्थ साधा पांढरा राहू दे. गडद रस्सा गडद म्हणून छान दिसतो तो त्या पांढऱ्याच्या शेजारी.

वहिनींच्या टेबलावर फुलाफुलांचं प्लास्टिक होतं. ते काढायला लावलं. खालचं साधं लाकूड पुरेसं होतं.

८. उजेड आणि दुसरा फोटो

ट्यूबलाइट बंद करा. खिडकीचा उजेड आणि ट्यूबचा उजेड एकत्र आला की दोन्हींचे रंग वेगळे असल्याने पाव एका बाजूने निळसर आणि दुसऱ्या बाजूने पिवळा दिसतो. खिडकी ताटाच्या बाजूला किंवा तिरकी मागे हवी. मागून येणारा उजेड तर्रीवर चमकतो, समोरून येणारा तिला सपाट करतो. सकाळचं ऊन थेट येत असेल तर पातळ पांढरी ओढणी खिडकीला लावा. खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरा कागद उभा धरा, वाडग्याची अंधारी बाजू उजळते.

मिसळीचा फोटो वरून काढू नका. खोल वाडग्यात उंची दिसत नाही, आणि तेलावर तुमचीच सावली पडते. बसल्या नजरेने किंवा त्याहून थोडं खाली, ३५-४० अंशांतून काढा. फोन ताटाच्या अगदी जवळ नेलात तर पुढची वाटी फुगलेली दिसते. एक हात मागे सरकून २x वर काढा. शेवेवर बोट टेकवून फोकस करा आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा, दह्यातला आणि पावातला तपशील वाचतो. वाफ येत असताना घाई नको, लेन्सवर धुकं धरतं. मात्र फरसाण घातल्यापासून तुमच्याकडे दोन-तीन मिनिटंच आहेत. म्हणून खिडकी, कागद, फोनची जागा हे सगळं रिकामा वाडगा ठेवून आधी ठरवा आणि मगच वाढायला घ्या.

एडिटमध्ये फक्त रंगाचा तोल बघा: दही पांढरं दिसेपर्यंत, बस. तर्री लाल दिसावी म्हणून सॅच्युरेशन वाढवलं की पाव नारिंगी होतो.

वहिनींचा दुसरा फोटो आला तो पुन्हा काळा-पांढरा करून पाहिला. रस्सा सगळ्यात गडद, मटकी मधली, शेव तिच्याहून फिकी, दही आणि पाव पांढरे. चार छटा वेगळ्या सुटल्या होत्या. रंग त्याच मिसळीचे, मसालाही तोच. एक दोष राहिलाच होता, वाडग्याच्या स्टीलमध्ये त्यांच्या लाल गाउनची रेघ दिसत होती. पुढच्या वेळी फिकट कपडे घाला म्हटलं, तर म्हणाल्या, "आता मिसळीसाठी कपडे पण बदलू का?" त्यापेक्षा कागदच वाडगा आणि स्वतःच्या मध्ये, चौकटीबाहेर खाली धरला तरी भागतं.

९. सहा जण जेवायला बसल्यावर

फोटो एका ताटाचा असतो, पंगत सगळ्यांची. सहा वाडगे एकामागून एक पूर्ण भरत गेलात तर सहावा तयार होईपर्यंत पहिल्यातलं फरसाण बसलेलं असतं. म्हणून थराथराने जा. आधी सगळ्या ताटांत वाट्या, पाव, लिंबू लावून घ्या. मग सगळ्या वाडग्यांत निथळलेली मटकी. मग सगळ्यांत रस्सा. लोक ताटावर बसले की फरसाण, शेव आणि तर्री. पापड सगळ्यात शेवटी, कारण तो वाफेने वाकतो. पावसाळ्यात फरसाणाचं पाकीट आधीच फोडून ठेवू नका. फोडलेलं असेल तर कढईत मंद आचेवर दोन मिनिटं कोरडं गरम करा, पसरून गार करा आणि मग घ्या.

जादा रस्सा मोठ्या वाटीत टेबलावर ठेवा, पळीसकट. ज्याला भिजवून हवी तो आपली आपण भिजवून घेईल.